‘ग्रीक’ असं उत्तर मिळालं, पुढे काय करायचं?

*माझी मुलगी आठवीत आहे. आंतरशालेय स्पेलिंग स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तिला ‘कायरॉग्रफी’ हा शब्द आला. शिकवल्याप्रमाणे तिने अर्थ विचारला, ‘हस्ताक्षर’ असं सांगितलं. मग शब्द कोणत्या भाषेतला ते विचारलं, तर ‘ग्रीक’. तिने के, वाय, आर, ओ, जी, आर, ए, पी, एच, वाय असं स्पेलिंग सांगितलं आणि ती बाद झाली. आता ती म्हणते, भाषा विचारून काही उपयोग नसतो, सगळे शब्द पाठच करायला हवेत. ग्रीक हे उत्तर मिळाल्यावर मुलांनी नक्की काय करायचं असतं? — एक आई, इंदिरानगर, नाशिक*

ताई,

तिचं उत्तर मी कागदावर लिहून पाहिलं. बरोबर स्पेलिंग आहे सी, एच, आय, आर, ओ, जी, आर, ए, पी, एच, वाय. तिने सांगितलेली शेवटची आठ अक्षरं अचूक आहेत. ‘फ’ ऐकून तिने एफ न घेता पी-एच घेतलं आणि शेवटी वाय लावला. म्हणजे ‘ग्रीक’ या उत्तराचा तिने उपयोग केला होता. चुकलं ते फक्त सुरुवातीला, आणि तिथेही तिने विचार केलेला दिसतो. ग्रीक म्हटलं की वाय, हे तिच्या मनात पक्कं बसलंय. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानेच तिचा घात केला.

आधी तिला एक मराठी जोडी दाखवा, ‘गुण’ आणि ‘खूण’. ‘गु’ ऱ्हस्व आणि ‘खू’ दीर्घ का? बोलताना दोन्हीकडे आपण उकार लांबवतोच, त्यामुळे कानावर विसंबून चालत नाही. आपला नियम असा की अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहायचा: फूल, मीठ, खूण. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मूळ रूपातच राहतो: गुण, विष. म्हणजे शब्द कुठून आला हे ठाऊक असल्याशिवाय ऱ्हस्व-दीर्घ ठरत नाही. शाळेत तत्सम आणि तद्भव शिकलेलं मूल हेच काम मराठीत करत असतं. इंग्रजीत फक्त घरं जास्त आहेत. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, जपानी, हिंदी अशा प्रत्येक घरची लिहिण्याची रीत वेगळी.

आता ग्रीक घराची रीत बघू. मराठी मुलाला ती इंग्रज मुलापेक्षा लवकर कळू शकते असं माझं ठाम मत आहे. प्राचीन ग्रीकमध्ये क आणि ख, प आणि फ, त आणि थ असे वेगवेगळे उच्चार होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर होतं. रोमन लोकांकडे ख, फ, थ साठी अक्षरंच नव्हती. ग्रीक शब्द लॅटिनमध्ये लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी सी, पी, टी या अक्षरांना एच जोडला. आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत ‘खरं’ लिहिताना के-एच आणि ‘थांब’ लिहिताना टी-एच वापरतो, तीच युक्ती. पुढे उच्चार बदलत गेले, इंग्रजीत ‘ख’ चा नुसता ‘क’ ऐकू यायला लागला, पण लिखाणात तो एच तसाच राहिला. स्कूल, केमिस्ट्री, कोरस या शब्दांत सी-एच का असतो याचं उत्तर एवढंच की तिथे मुळात ग्रीक ‘ख’ होता.

वायची गोष्टही अशीच. ग्रीकमध्ये उ आणि इ यांच्या मधला एक स्वर होता. तो लिहायला रोमन लोकांनी वाय हे अक्षर मुद्दाम ग्रीकमधून उचललं. इंग्रजीतल्या ‘डॉक्टर’, ‘ऑफिस’ अशा शब्दांसाठी आपण मराठीत ‘ऑ’ घेतला, तसंच हे. मराठी मजकुरात ‘ऑ’ दिसला की शब्द बाहेरचा हे आपल्याला लगेच कळतं. त्याचप्रमाणे शब्दाच्या मध्ये वाय दिसला की तो बहुतेक ग्रीक असतो. पण उलटं खरं नाही, आणि तुमची लेक नेमकी इथे फसली. ग्रीकमध्ये साधा इकारही होताच, आणि लॅटिनमध्ये येताना ‘एइ’ या जोडस्वराचाही बहुतेक वेळा नुसता आय झाला. म्हणून ‘ग्रीक’ ऐकलं की वाय ही एक शक्यता धरायची, लगेच तोंडातून काढायची नाही.

आता तिचा शब्द पुन्हा हातात घेऊ. ‘काय’ एवढ्या उच्चाराला कोणती अक्षरं बसू शकतात? पहिला विचार सीचा. पण सीपुढे ई, आय किंवा वाय आला की इंग्रजीत ‘स’ ऐकू येतो, सायकल किंवा सिटी म्हणताना येतो तसा. इथे ‘क’ ऐकू येतोय, म्हणजे नुसता सी बाद. क्यू-यू हे लॅटिन आणि फ्रेंच घरचं, तेही बाद. उरले के आणि सी-एच. स्वरासाठी आय आणि वाय. असे एकंदर चार पर्याय राहतात: के-आय, के-वाय, सी-एच-आय, सी-एच-वाय. भाषा विचारून तिला एवढं मिळालं. डोक्यातली सगळी अक्षरं चाचपण्याऐवजी चारांतून एक निवडायचा. यापुढे नुसती भाषा मदत करत नाही, इथून अर्थाचं काम सुरू होतं.

हस्ताक्षर म्हणजे हाताने केलेलं लिखाण. ‘ग्रफी’ म्हणजे लिहिणं, हे फोटोग्राफी आणि जिऑग्रफीमुळे तिला माहीत असणार. मग सुरुवातीचा तुकडा ‘हात’ असायला हवा. ‘काय’ ने सुरू होणारा आणि हाताशी संबंध असलेला दुसरा शब्द आठवतो का? कायरोप्रॅक्टर. हाताने दाब देऊन पाठीचे मणके बसवणारा. शहरात त्यांच्या पाट्या दिसतात आणि त्या पाटीवर सी-एच-आय-आर लिहिलेलं असतं. ग्रीकमध्ये हाताला ‘खेइर’ म्हणत. ख आहे म्हणून सी-एच, ‘एइ’ आहे म्हणून आय. चारातला एक पर्याय हाती लागला, आणि शब्द पाठ नसतानाही लागला.

या टप्प्यावर तिला अजून एक प्रश्न विचारता आला असता. अमेरिकेतल्या स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बीमध्ये स्पर्धकाला मुळाविषयीही विचारता येतं, पण अट अशी की मूळ, त्याची भाषा आणि त्याचा अर्थ तिन्ही त्याने स्वतः सांगायचं. ‘यात हात या अर्थाचा ग्रीक शब्द कायर आहे का?’ असं विचारलं तर हो किंवा नाही असं उत्तर मिळतं. ‘याचं मूळ काय?’ असं मोघम विचारून चालत नाही. 2023 साली देव शाह हा मुलगा ‘सॅमोफाइल’ या शब्दावर जिंकला. वाळूत वाढणारा जीव, असा त्याचा अर्थ. त्याने वाळू आणि प्रेम या अर्थांची दोन्ही ग्रीक मुळं विचारून खात्री करून घेतली आणि मगच स्पेलिंग सुरू केलं. त्या शब्दात दोन सापळे होते, सुरुवातीला न उच्चारला जाणारा पी आणि मध्ये दोन एम. सुरुवातीचा पी नुसत्या ‘ग्रीक’ या उत्तरावरून सुचू शकतो, कारण सायकॉलॉजीत तो असतो. दोन एम मात्र वाळूचं ग्रीक मूळ माहीत असल्याशिवाय सुचायला कुठलाही मार्ग नाही.

आपल्याकडच्या स्पर्धांत नियम सारखे नसतात. काही ठिकाणी फक्त अर्थ आणि भाषा सांगतात, मुळाबद्दल बोलत नाहीत. पुढच्या वेळी नाव नोंदवताना दोन गोष्टी विचारून ठेवा: मुळाचा प्रश्न चालतो का, आणि प्रमाण शब्दकोश कोणता. दुसरी गोष्ट पालक हमखास विसरतात. स्क्रिप्सचा प्रमाण शब्दकोश मेरियम-वेबस्टरचा, म्हणजे अमेरिकन. आपली मुलं शाळेत ब्रिटिश वळण शिकतात. 1999 साली तिथे ‘लॉगोरिया’ म्हणजे अतिबडबड हा शब्द जिंकवून गेला. त्यातल्या ‘वाहणं’ या अर्थाच्या ग्रीक तुकड्यामुळे दोन आर आणि एक एच येतात, ते दोन्ही देशांत सारखंच. पण शेवट अमेरिकेत ई-ए होतो आणि ब्रिटनमध्ये ओ-ई-ए. मूळ नीट ओळखूनही मूल इथे बाद होऊ शकतं.

अजून एक, स्पेलिंग सुरू केल्यावर थांबून पहिल्यापासून सांगायची मुभा स्क्रिप्समध्ये असते, पण एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येत नाही. म्हणून ही सगळी छाननी पहिलं अक्षर तोंडातून जाण्याआधी व्हायला हवी. माझ्याकडे येणारी मुलं तळहातावर बोटाने पर्याय लिहून बघतात. चार पर्याय डोळ्यांपुढे आले की चुकीचे दोन बहुतेक वेळा लगेच खटकतात. आणि प्रश्नांचा क्रम मी असा ठेवायला सांगते: आधी अर्थ, मग भाषा, मग मूळ. अर्थ आधी कळला तर भाषेचं उत्तर येईपर्यंत डोकं मुळाच्या शोधाला लागलेलं असतं.

आता भाषेच्या उत्तराची खरी मर्यादा सांगते, कारण तुमच्या लेकीला पुढच्या वर्षी तीच भेटणार आहे. शब्द कुठून निघाला याइतकंच तो कोणत्या रस्त्याने आला हेही महत्त्वाचं असतं. ‘सर्जरी’ घ्या. त्यातही हाच ग्रीक हात आहे, मूळ अर्थ हाताने केलेलं काम. पण तो शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये गेला, लोकांच्या बोलण्यात झिजला, आणि इंग्रजीत पोहोचेपर्यंत एस-यू-आर झाला. सी-एचचा मागमूस उरला नाही. कायरॉग्रफी विद्वानांच्या पुस्तकी वाटेने आला म्हणून त्याचं ग्रीक रूप शाबूत राहिलं. आपल्याकडे ‘हस्त’ आणि ‘हात’ दोन्ही एकाच घरचे. पहिला पोथीतून आला आणि दुसरा लोकांच्या तोंडून. सर्जरी हा त्या अर्थाने इंग्रजीतला तद्भव आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मातीजवळचं. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, म्हणून नाशिकच्या मुलांना मी ‘सिनेमा’ हा शब्द नेहमी देते. हलणं या अर्थाच्या ग्रीक शब्दातून तो आला, आणि मुळात तिथे ‘क’ आहे, ख नाही. भौतिकशास्त्रातला ‘कायनेटिक’ही त्याच मुळाचा. मग एकीकडे सी आणि दुसरीकडे के का? सिनेमा फ्रेंचमधून आला. त्या रस्त्यावर ग्रीक ‘क’ चा सी होतो आणि पुढे आय असल्यामुळे उच्चार ‘स’ होतो. कायनेटिक शास्त्रज्ञांनी थेट ग्रीकमधून घेतला, म्हणून के राहिला आणि उच्चारही ‘क’ राहिला. तुमच्या लेकीने लावलेला के तसा निराधार नव्हता हे यावरून लक्षात येईल. ‘काय’ पुढे ‘न’ असता आणि अर्थ गतीचा असता, तर के हेच उत्तर होतं. अर्थ हाताचा होता, म्हणून ते चुकलं.

म्हणून ‘ग्रीक’ एवढंच कळलं तर रस्ताही विचारायला शिकवा: ‘ग्रीकमधून थेट, की मध्ये दुसऱ्या भाषेतून?’ शब्दकोशात बहुधा पूर्ण साखळी दिलेली असते आणि शब्द सांगणाऱ्यापुढे ती माहिती असते. साखळीत जुनी फ्रेंच किंवा मध्ययुगीन इंग्रजी आली, तर ग्रीक खुणा पुसल्या गेल्या असतील असं धरून चालायचं. ‘ग्रीक घटकांपासून बनवलेला’ असं उत्तर आलं, तर शब्द शास्त्रज्ञांनी घडवलेला आहे, आणि त्यात पी-एच, सी-एच, वाय बिनधास्त शोधायचे.

सगळ्यात जास्त फसवतात ते कानाला सारखे लागणारे तुकडे. ‘फिल’ चं बघा. हीमोफिलियातला ‘फिल’ प्रेमाचा, ओढीचा: पी, एच, आय, एल. क्लोरोफिलमधला ‘फिल’ पानाचा: पी, एच, वाय, एल, एल. दोन्ही ग्रीकच, त्यामुळे भाषा विचारून इथे काहीच हाती लागत नाही. वनस्पतीचं, पानाचं, हिरवेपणाचं काही अर्थात आलं की वाय आणि दोन एल. म्हणून मी अर्थाला पहिला मान देते.

आणि ‘हिंदी’ असं उत्तर आलं की आपली मुलं निश्चिंत होतात, नेमकी तिथेच चुकतात. ती मोबाइलवर लिहितात तसं स्पेलिंग सांगतात. पण हे शब्द इंग्रजांनी आपल्या कानाने लिहून नेले, आणि आपला ‘अ’ त्यांना इंग्रजी ‘कप’ मधल्या यूसारखा वाटला. म्हणून जंगल, ठग, बंगला या तिन्ही शब्दांत पहिल्या व्यंजनापुढे यू आहे. आपल्या ‘ऊ’ साठी त्यांनी दोन ओ लिहिले. आपलं मुंगूस इंग्रजीत गेलं ते शेवटी ओ, ओ, एस, ई घेऊन. इथे मूळ उच्चार आपल्याला त्यांच्यापेक्षा चांगला माहीत असतो, पण तो कागदावर उतरवणारा हात दुसऱ्याचा होता हे मुलांना सांगावं लागतं.

मूळ माहीत असूनही कधी रूढ रूपच वरचढ ठरतं, आणि त्याचं उदाहरण आपल्या गावाच्या पाटीवर आहे. परंपरा सांगते की लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नासिका, नासिक. त्या हिशेबाने स हवा. पण मराठीत इकाराआधीचा स पुष्कळदा श होतो. सिंदूरचा शेंदूर झाला, शिवणं हे मुळात संस्कृत ‘सिव्’ आहे. तसंच आपण नाशिक म्हणतो आणि लिहितो. मूळ विचारणारं मूल ‘नासिक’ लिहील, आणि त्याचा तर्क बरोबर असूनही मराठी शुद्धलेखनात ते चूकच धरलं जाईल. इंग्रजीत असे शब्द थोडे नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवून ते पाठ करण्याला खरोखर इलाज नाही. लेकीचं ‘पाठच करायला हवेत’ हे म्हणणं एवढ्यापुरतं मला मान्य आहे.

बाकीच्यांसाठी वही वेगळ्या पद्धतीने लावा. आता तिच्याकडे बहुतेक ए पासून झेड पर्यंत याद्या असतील. त्याऐवजी एका पानावर एक मूळ. वर ‘हात, ग्रीक, खेइर, सी-एच-आय-आर’ असं लिहायचं आणि खाली त्या कुळातले शब्द. शेजारी लाल शाईने कुळातून फुटून निघालेला ‘सर्जरी’. समोरच्या पानावर लॅटिन हात, ‘मानु’, आणि त्याखाली मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट. अर्थ तोच, हस्तलिखित, पण भाषा लॅटिन म्हटली की ‘काय’ चा प्रश्नच उरत नाही. आठवड्याला चार-पाच पानं पुरेत. त्याहून जास्त मुळं एकदम घेतली की ती एकमेकांत मिसळतात, हा माझा शिकवतानाचा अनुभव आहे.

रविवारी सकाळी तुम्हीच शब्द सांगणाऱ्या बना आणि तिला ‘कायरॉप्टेरन’ हा शब्द द्या. ती अर्थ विचारेल, सांगा ‘वटवाघूळ’. भाषा विचारेल, सांगा ‘ग्रीक घटकांपासून बनवलेला’. मग गप्प बसा, तिला वेळ घेऊ द्या. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी, म्हणजे हातच. दुसरा तुकडा पंखाचा, आणि तो तिला हेलिकॉप्टरमध्ये सापडेल, पी, टी, ई, आर. ‘यात हात या अर्थाचा ग्रीक शब्द आहे का?’ असं तिने आपणहून विचारलं की ‘आहे’ म्हणा, आणि ती पहिली दोन अक्षरं कोणती उच्चारते ते ऐका.